घोड्याचं सगळं वजन भाल्याच्या टोकावर येतं, तर समोरचा माणूस वाचतो कसा?

लीड्सकर_मावशी

इथे लीड्सला रॉयल आर्मरीज म्हणून शस्त्रास्त्रांचं संग्रहालय आहे. त्यांच्या मैदानात जाउस्टिंगचे सामने भरतात. दोन चिलखतधारी स्वार, मध्ये लाकडी कठडा, काखेत भाले दाबून एकमेकांवर घोडे घालायचे. निवेदक दर वेळी मोठ्या आवाजात सांगतो, "घोड्याचं आणि स्वाराचं सगळं बळ या एका टोकावर एकवटतं!"

मी सहज हिशोब मांडला. घोडा, स्वार आणि लोखंड मिळून ६०० किलो धरा, वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी साधारण २९ किमी. गतिज ऊर्जा येते १९,००० ज्यूलच्या वर. लष्करी रायफलीची गोळी ३,३००च्या आसपास असते. एवढं सगळं अंगठ्याएवढ्या टोकावर आलं तर चिलखत, माणूस, खोगीर सगळं आरपार व्हायला हवं. प्रत्यक्षात समोरचा जरा मागे डोलतो, भाल्याच्या ढलप्या उडतात आणि दोघं हात वर करून निघून जातात. हल्लीच्या भाल्यांना पुढे बाल्सा लाकडाचा तुकडा असतो तो मुद्दाम मोडायलाच, ते ठाऊक आहे. पण जुन्या काळी तर सबंध लाकूड असायचं ना? मग माझा हिशोब कुठे चुकतोय?

---

पप्पू_सांगलीकर

मावशी, भाल्याचं सगळं गणित बॅलन्समध्ये असतं. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा. गुरुत्वमध्य पुढे घेतला तर तो लवकर नाक खाली घालायला लागतो. १९८६ साली नियम बदलून तो पुढे सरकवला, कारण उवे होनने १०४ मीटर टाकून मैदानच अपुरं पाडलं होतं. घोड्यावरून फेकला तर घोड्याचा वेग मिळेल, पण खांदा फिरवायला जागा कुठाय?

---

लीड्सकर_मावशी

पप्पू, हा फेकायचा नाही रे. काखेत दाबूनच ठेवायचा. पण गुरुत्वमध्याचं काहीतरी इथेही असणार, कारण ते लोक भाला खाली आणताना टोक फार डुगडुगतं.

---

इतिहासाचा_नाद

याचं उत्तर एका शब्दात: रिकीब. रिकीब आली म्हणून स्वार घोड्याशी जोडला गेला, म्हणून भाला काखेत धरता आला, म्हणून सरंजामशाही आली. लिन व्हाइट यांनी १९६२ साली हे सविस्तर मांडलंय. रिकिबीशिवाय भाला मारला तर स्वार स्वतःच घोड्याच्या शेपटीवरून मागे पडेल. बायझंटाइन राजकन्या ॲना कोम्निनी लिहिते की फ्रँक लोकांचा घोडेस्वार बाबिलोनच्या भिंतीलाही भोक पाडेल. तेव्हा निवेदक बरोबरच बोलतोय.

---

बाभूळकाटा

मावशी, आकडेमोड बरोबर आहे. फक्त ती ऊर्जा घोड्याजवळ आहे, टोकाजवळ नाही. टोकावर पोचण्यासाठी तिला घोड्याची पाठ, पोटाखालून खोगीर आवळणारा तंग, खोगीर, स्वाराची कंबर, खांदा, काख, मूठ आणि मग तीनेक मीटर लाकूड एवढी वाट चालावी लागते. या वाटेवरचं सर्वांत कच्चं ठिकाण जेवढं बळ सोसेल तेवढंच टोकापर्यंत येतं. बाकीचं घोड्याजवळच राहतं आणि घोडा तसाच पुढे पळतो. सामन्यात घोडे भाला लागल्यावर जागच्या जागी थांबतात का? नाही. म्हणजे त्यांचा संवेग जवळजवळ होता तसाच आहे.

आता भाला धरायच्या तीन पद्धती बघा. फ्रान्समधल्या बायो गावच्या कशिद्यात, म्हणजे ११व्या शतकाच्या शेवटी, या तिन्ही एकाच कापडावर दिसतात: फेकण्याच्या पवित्र्यात धरलेला, डोक्यावरून खाली खुपसायला धरलेला आणि काखेत दाबलेला. पहिल्या दोन्हींत घोड्याचा वेग कामी येतो, वजन येत नाही. खुपसताना दांडा फक्त मुठीत असतो. टोक अडलं की दांडा मुठीतून मागे सरकतो किंवा कोपर दुमडतं, दोहोंपैकी एक. मुठीची पकड काही शे न्यूटनच्या पुढे टिकत नाही. काखेत दाबल्यावर दंड आणि बरगड्यांच्या मध्ये दांडा आवळला जातो, शिवाय मुठीच्या मागे दांड्यावर एक कडं ठोकलेलं असायचं. त्याला ग्रॅपर म्हणतात, चामड्याचं किंवा लोखंडी. दांडा मागे सरकू लागला की हे कडं काखेच्या पुढच्या बाजूला अडतं. म्हणजे आता मूठ ही कच्ची कडी राहिली नाही. खांदा झाला.

मग १४व्या शतकाच्या अखेरीस छातीच्या पत्र्यावर उजव्या बाजूला एक लोखंडी आकडा आला, लान्स-रेस्ट. नावावरून वाटतं की भाला टेकवायला असेल, आणि वजन पेलायला तो उपयोगी पडतोच, पण खरं काम ग्रॅपर अडवण्याचं. टोकाकडून आलेला धक्का कड्यातून आकड्यात, आकड्यातून छातीच्या पत्र्यात आणि तिथून सगळ्या धडात पसरतो. खांदा आणि मनगट वाटेतून बाहेर काढले. बरेचसे आकडे बिजागरीवर वर दुमडता येत, म्हणजे भाला टाकून तलवार काढली तर हाताला आड येत नाहीत.

---

खोगीरभरती

नाद, रिकिबीबद्दल घोड्यावर बसणाऱ्याच्या नजरेतून सांगते. भाला लागला की धक्का येतो समोरून. तुम्ही ढकलले जाता मागे. रिकीब पायाखाली असते, ती मागे जाणाऱ्याला फारशी धरत नाही, कारण पाय पुढे निघून जातात. धरते ती खोगिराची मागची उंच पाठ. संग्रहालयातली युद्धाची खोगिरं बघा, पाठ कंबरेभोवती अर्धी वळलेली असते. रिकीब तुम्हाला डावी-उजवीकडे पडू देत नाही आणि भाला नेमका नेण्यासाठी बूड स्थिर ठेवते. तेही महत्त्वाचं, पण वेगळं.

माझा स्वतःचा अनुभव टेंट पेगिंगचा, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीतली मेख भाल्याने उचलायची. आमच्या उस्तादांचा पहिला धडा हाच की टोक मेखेत घुसलं की हात अजिबात ताठ ठेवायचा नाही. हात मागे जाऊ द्यायचा, भाला मागे झुलतो आणि मेख वर येते. शिकाऊ पोरं घाबरून मूठ आवळतात आणि मनगट धरून बसतात. म्हणजे जाउस्टिंगच्या बरोबर उलट: तिथे कडी घट्ट करायची, इथे मुद्दाम सैल सोडायची. भाला भरीव बांबूचा असला तर हाताला झणका कमी बसतो असं माझं मत. आपल्याकडचा हा बांबू एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लान्सर पलटणींनीही भाल्यांना वापरला.

---

इतिहासाचा_नाद

खोगिराची पाठ मान्य. तरी मी रिकीब सोडणार नाही. रिकीब नसती तर त्या पाठीवर भार टाकायला माणूस टिकलाच नसता.

---

बाभूळकाटा

सार्मेशियन आणि पार्थियन स्वार रिकिबी यायच्या कितीतरी आधी दोन्ही हातांनी लांब भाला धरून हल्ला करायचे, आणि पडत नसत. उलट युरोपात रिकीब आल्यावरही काखेतला भाला सर्रास व्हायला दोन-तीनशे वर्षं गेली. रिकिबीमुळेच झालं असतं तर एवढा वेळ का लागावा? असो, हा वाद इतिहासकारांतही मिटलेला नाही. आपण लाकडाकडे येऊ.

---

निशिगंध

थांबा, लाकडाकडे यायच्या आधी मला बळ किती ती संख्या हवीय. आकड्यात अडकवलेला भाला असला, खांदा वाटेतून गेला, तर आता कच्ची कडी कोणती? आणि ती किती बळ सोसते?

---

बाभूळकाटा

आता दांडाच. बारीक लांब दांडा टोकाकडून दाबला तर तो चिरडत नाही, आधी वाकतो. बांधकामात खांबांचा हाच हिशोब रोज करतो. दांड्याला वाकवणारं बळ जाडीच्या चौथ्या घातात वाढतं आणि लांबीच्या वर्गात कमी होतं. ॲश लाकडाचा दांडा सरासरी ४० मिलिमीटर जाड आणि मुठीच्या पुढे अडीच मीटर धरा. ॲशचा ताठरपणा १२ गिगापास्कलच्या आसपास. दोन्ही टोकं सैल धरली तर वाकायचं बळ २,४०० न्यूटन येतं. मुठीकडचं टोक पक्कं आवळलेलं धरलं तर ४,९००. मधला ३,००० चा आकडा घेऊ. म्हणजे ३०० किलो वजनाएवढा जोर. कमी नाही, पण १९,००० ज्यूल ऐकून जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं काही नाही.

आता गंमत अशी की दांडा एकदा वाकायला लागला की जोर फारसा वाढत नाही. वाकत वाकत जातो आणि मग तडकतो. समजा हे सगळं ०.०२ सेकंदात आटोपलं. दोन्ही घोडे समोरासमोर, म्हणजे जवळ येण्याचा वेग १६ मीटर. तेवढ्या वेळात अंतर ३२ सेंटिमीटरने कमी होतं. दांड्याचा बाक, खांद्याची माघार आणि समोरच्याचं डोलणं यांत ते सहज मावतं. दिलेला आवेग ३,००० गुणिले ०.०२, म्हणजे ६० न्यूटन-सेकंद.

घोडा-स्वाराचा एकूण संवेग ६०० गुणिले ८, म्हणजे ४,८००. त्यातले ६० गेले. शंभरात जेमतेम सव्वा. घोड्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरने उतरला, त्याला कळलंही नसेल. समोरचा स्वार चिलखतासकट ११० किलोचा असेल तर त्याला सेकंदाला अर्ध्या मीटरचा धक्का बसला. तो डोलतो आणि सावरतो. मावशी, तुम्ही मैदानात बघता ते हेच.

---

निशिगंध

पण हे स्थिर भाराचं सूत्र झालं. मी यंत्र अभियांत्रिकीवाली, मला इतक्या लवकर पटत नाही. भाला स्वतःच चार किलोचा आहे आणि १६ मीटर वेगाने धडकतोय. पहिल्या दोन-तीन मिलिसेकंदांत मागे कोण आहे याचा काही संबंध नाही, लाकडाचं स्वतःचं जडत्वच धडकतं. दांड्याला आडवं वाकायलासुद्धा वेळ लागतो. तेव्हा सुरुवातीचा झटका तुमच्या तीन हजारांपेक्षा बराच वर जाणार.

---

बाभूळकाटा

जाईल, अगदी बरोबर. किती वर, हे समोर काय आहे यावर ठरतं. भिंतीवर मारला तर प्रचंड, खोगिरात डोलणाऱ्या माणसावर मारला तर खूप कमी. मला तो कागदावर खात्रीने काढता येणार नाही. पण सगळा आवेग दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी घोड्याच्या संवेगातले चार टक्के होत नाहीत. मूळ मुद्दा तसाच राहतो: लाकूड हा फ्यूज आहे आणि त्याची जाडी ठरवणारा माणूस समोरच्याला किती लागणार ते ठरवतो.

उलट बाजू बघा. दांडा जाड केला, ५० मिलिमीटर. चौथा घात म्हणजे जोर जवळजवळ अडीचपट. आता तो न मोडता पाच हजार न्यूटनने एक-दशांश सेकंद रेटत राहिला तर आवेग ५०० होतो. ११० किलोच्या माणसाला सेकंदाला साडेचार मीटर. तो खोगिराच्या पाठीवरून उलटा पडणार, किंवा पाठ, तंग किंवा माणूस यांपैकी काहीतरी मोडणार. समोरच्याला पाडायचं तर न मोडणारा भाला हवा, भाले मोडून गुण मिळवायचे तर मोडणारा. पुढे खेळासाठीचे भाले हलक्या देवदारासारख्या लाकडाचे, पन्हळी काढलेले, काही पोकळ असे होत गेले, ते यामुळेच.

---

लीड्सकर_मावशी

हे छान कळलं. मग टोकाचं काय? निवेदक "एका टोकावर" म्हणतो त्यात काही अर्थच नाही?

---

बाभूळकाटा

आहे, फक्त टोक जोर वाढवत नाही. जोर वर सांगितलेल्या साखळीने आधीच ठरलाय. टोक ठरवतं ते तो किती जागेवर पडतो हे. तेच ३,००० न्यूटन धारदार पोलादी टोकाच्या दोन चौरस मिलिमीटरवर आले तर दाब १,५०० मेगापास्कल. मऊ लोखंडी पत्रा त्याला पुरा पडत नाही, निदान टोक आत शिरायला सुरुवात करतं. एकदा शिरलं की मागे जाड होत जाणाऱ्या टोकाला भोक रुंद करावं लागतं आणि दाब झपाट्याने उतरतो. त्यामुळे "भोक पडलं" आणि "माणूस भोसकला" यांत बरंच अंतर राहतं.

शांततेच्या जाउस्टला टोकाऐवजी कोरोनेल बसवत, तीन बोथट दात असलेला मुकुट. तीन दातांची मिळून ३०० चौरस मिलिमीटर जागा धरली तर तोच जोर, दाब फक्त १० मेगापास्कल. पत्र्याला पोचाही कदाचित येणार नाही. पण कोरोनेलचं दुसरं काम जास्त मजेदार आहे. धारदार एकेरी टोक गोलसर पत्र्यावरून घसरतं. तीन दात कडेला, खिळ्याला, कुठेतरी अडतात आणि घसरत नाहीत. म्हणजे जखम कमी आणि धक्का पुरा. शिवाय डोळ्यांच्या फटीत तो मावत नाही.

१३९० साली कॅलेजवळ सां-इंगलव्हेरला तीन फ्रेंच सरदारांनी आव्हान दिलं होतं. तंबूबाहेर दोन ढाली टांगलेल्या, एक शांततेची आणि एक युद्धाची. येणाऱ्याने जिला स्पर्श करावा तसं टोक लावायचं. बहुतेक इंग्रजांनी युद्धाची ढाल निवडली, आणि तरीही तिथे कोणी मेलं नाही.

---

खोगीरभरती

त्या तिघांतला रेनो द रॉय भलताच हुशार होता. त्या काळचा बखरकार फ्रॉइसार्ट याने त्याचाच आधीचा एक किस्सा लिहिलाय. इंग्लंडचा जॉन ऑफ गाँट स्पेनच्या मोहिमेवर असताना रेनो आणि सर जॉन हॉलंड यांचा सामना झाला. हॉलंडचं शिरस्त्राण नीट घट्ट बांधलेलं. रेनोने स्वतःचं एकाच वादीने सैल अडकवलेलं. हॉलंडचा भाला नेम धरून शिरस्त्राणावर बसला की ते नुसतं उडून मागे पडायचं, मानेला काही नाही. रेनोचा भाला मात्र हॉलंडच्या घट्ट शिरस्त्राणावर पुरता बसायचा. इंग्रजांनी ओरड केली की हा लबाडी करतोय. गाँट म्हणाला, ज्याला जसं बांधायचं तसं बांधू दे.

म्हणजे बाभूळकाटा म्हणतात ती कच्ची कडी याने घेणाऱ्याच्या बाजूला बसवली.

---

निशिगंध

वा! आवेग दोन-तीन किलोच्या लोखंडात गेला आणि माणूस मोकळा.

---

पप्पू_सांगलीकर

एवढं सगळं सुरक्षित होतं तर फ्रान्सचा राजा कसा मेला? ते मी वाचलंय.

---

इतिहासाचा_नाद

दुसरा हेन्री. ३० जून १५५९, पॅरिसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या समारंभात. समोर त्याच्याच स्कॉटिश रक्षकदलाचा कप्तान माँगोमरी. भाला मोडला आणि मोडक्या टोकाची ढलपी शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्याजवळ घुसली. आम्ब्रोआझ पारे आणि व्हेसालियस दोघेही उपचाराला होते, पण १० जुलैला राजा गेला.

---

बाभूळकाटा

पप्पूने नेमकं बोट ठेवलं. भाला मोडला की जोर संपतो, हे लांब दांड्यापुरतं खरं. हातात उरलेला तुकडा आखूड झालेला असतो. लांबी निम्मी झाली तर तो वाकायला चौपट जोर लागतो, आणि पुढचं टोक आता कोरोनेल नसून ढलप्यांचं झालेलं असतं. आखूड, ताठ आणि अणकुचीदार. स्वार अजून पुढे चाललेलाच आहे. म्हणून मोडका तुकडा ताबडतोब वर उचलायचा किंवा टाकून द्यायचा असतो. माँगोमरीला ते वेळेत जमलं नाही असं सांगतात.

---

लीड्सकर_मावशी

मी टोक डुगडुगतं म्हणाले होते त्याचं राहिलं. आणि भाला डावीकडे तिरका का धरतात?

---

खोगीरभरती

डावीकडे, कारण कठडा डावीकडे असतो आणि स्वार एकमेकांना डाव्या अंगाने ओलांडतात. भाला उजव्या काखेत, म्हणजे घोड्याच्या मानेवरून आडवा न्यावाच लागतो. म्हणून डाव्या खांद्यावर जादा पत्रा. तिरकेपणामुळे धक्का उजव्या खांद्याला मागे पिळतो, सरळ पाठीवर येत नाही. आणि डुगडुगणं म्हणजे चार किलोचा दांडा एका टोकाला धरलेला, त्याचा मध्य मुठीच्या मीटरभर पुढे. पुढचं टोक खाली ओढतं, घोड्याच्या प्रत्येक टापेला वर-खाली होतं. मागचं टोक काखेखाली दंडाने दाबून ठेवता येतं म्हणून निदान आडवा राहतो. दांडा पुढे निमुळता आणि मुठीच्या मागे जाड ठेवतात तोही त्यासाठीच. चांगले स्वार शेवटच्या काही टापांतच भाला खाली आणतात, आधीपासून धरून ठेवला तर हात थरथरायला लागतो.

---

निशिगंध

बाभूळकाटा, एक शंका उरतेच. आकडा छातीच्या पत्र्यावर आहे, पण स्वार खोगिरात बसलाय, जडवलेला नाही. मग जाड भाल्याच्या हिशोबात मागे ६०० किलो धरायचे की नुसता स्वार, म्हणजे ११०?

---

बाभूळकाटा

०.०२ सेकंदात बहुधा नुसता स्वार, तोही सगळा नाही, धडापुरताच. एक-दशांश सेकंद रेटा चालला तर खोगिराच्या पाठीतून घोडा हळूहळू सामील होतो. पोलंडच्या हुसार स्वारांनी यावर निराळा तोडगा काढला. त्यांच्या लांब पोकळ भाल्याचं मागचं टोक खोगिराला लटकवलेल्या चामडी नळकांड्यात बसायचं, तोक म्हणतात त्याला. भार स्वाराला वगळून खोगिरावर.

---

खोगीरभरती

खोगिरावर म्हणजे तंगावर. आणि तंग घोड्याच्या बरगड्यांवर कातडीसकट सरकतो. घोडा सामील होतो म्हणताय, पण किती, ते मला अजून पटलेलं नाही. जाड भाल्याने खरोखर मारून मोजलेलं कुणी वाचलं असेल तर इथे टाका.